काटा एक ग्रॅमचा, यीस्ट पाव ग्रॅमचं

रात्री थोडं पीठ सैल भिजवून ठेवायचं आणि सकाळी त्यात उरलेलं पीठ, मीठ घालून पावाची कणीक मळायची, ही युरोपातल्या बेकरीवाल्यांची रीत आता आपल्याकडे हौसेने पाव करणाऱ्यांनीही उचलली आहे. त्या रात्रीच्या सैल पिठाला ‘पूलिश’ म्हणतात. कृती साधी असते: २५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम पाणी आणि ०.२५ ग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट. मैदा आणि पाणी घरातल्या डिजिटल काट्यावर बिनबोभाट मोजून होतं. यीस्टपाशी घोडं अडतं. काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकणारा, आणि हवंय त्याच्या चौथा हिस्सा.

मग बहुतेक जण चिमूटभर घालून मोकळे होतात. हरकत नाही, पण चिमूट माणसागणिक बदलते. हात कोरडा आहे की ओलसर, दोन बोटांची चिमूट आहे की तीन बोटांची, यावर यीस्ट सहज दुपटीने कमीजास्त होतं. दुप्पट पडलं तर पूलिश ठरल्या वेळेच्या काही तास आधीच तयार होतं, आणि आपण झोपलेले असतो. सकाळी झाकण काढावं तर वर चढून पुन्हा मध्ये खचलेलं पीठ दिसतं, कडेला ते कुठवर चढलं होतं त्याची रेघ असते, आणि आंबूस वासात दारूचा उग्र दर्प मिसळलेला असतो. अशा पिठाची कणीक हाताला चिकटते आणि पाव पसरट होतो. यीस्ट कमी पडलं तर उलटं: पृष्ठभागावर तुरळक बुडबुडे आणि वास नुसत्या ओल्या मैद्याचा. त्यातच पाककृती थंड मुलखातली असली तर तिने रात्रीचं तापमान वीस-बावीस अंश धरलेलं असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या तीस अंशांच्या रात्री पाव ग्रॅमसुद्धा जास्त होतं. ते निम्म्यावर आणायचं म्हटलं तर आधी पाव ग्रॅम म्हणजे किती हे हातात यायला हवं.

यात काट्याचा दोष किती, हे आधी समजून घेऊ. स्वयंपाकघरातला काटा साधारण पाच किंवा दहा किलोपर्यंतचं वजन पेलण्यासाठी केलेला असतो. आत एक धातूची पट्टी असते. वजन ठेवलं की ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेच्या जाळीतला विजेचा रोध किंचित बदलतो आणि त्या बदलावरून आकडा दिसतो. पण ती पट्टी उष्णतेनेही किंचित हलते, ओट्यावरच्या धक्क्यानेही. रिकाम्या काट्यावर शून्याच्या जागी उगाच १, २ दिसू लागले तर गिऱ्हाईक तक्रार करणार. म्हणून काटे बनवणारे आत एक सोय करून ठेवतात: शून्याच्या आसपास वजन अगदी हळू बदलत असेल, तर तो बदल खरा न मानता पुन्हा शून्यच धरायचं.

ही सोय आपल्या मुळावर येते. वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि तिच्यात चिमूट-चिमूट साखर सोडत राहा. पुष्कळ काट्यांवर दोन-तीन ग्रॅम साखर पडली तरी आकडा ढिम्म हलत नाही. काटा प्रत्येक चिमटीला ‘हे काही वजन नव्हे’ म्हणून शून्यात जमा करून टाकत असतो. यीस्ट मोजताना आपण नेमकं हेच करतो, भीत भीत, थोडं थोडं टाकतो, आणि काट्यावर १ उमटेपर्यंत वाटीत तीन ग्रॅम गेलेलं असतं. यावर उपाय सोपा आहे. काटा शून्यावर आणल्यानंतर आधी एखादं नाणं ठेवायचं. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, म्हणजे आकडा ८ दिसेल. आता काटा शून्यापासून लांब गेला, त्यामुळे छोटी वाढ तो गिळत नाही.

तरीही पूर्णांकाची अडचण उरतेच. काट्यावर ५ दिसतं तेव्हा खरं वजन साडेचार ते साडेपाच यांमध्ये कुठेही असू शकतं, आणि काट्याची स्वतःची चूक त्यावर वेगळी. औषधं तयार करणाऱ्यांनी यासाठी फार पूर्वीच एक हिशेब बसवला आहे. काट्याला जेवढा फरक कळत नाही, त्याला आपल्याला चालणाऱ्या चुकीने भागायचं. येईल त्या वजनाच्या खाली तो काटा वापरायचा नाही. आपल्या काट्याला एक ग्रॅमपर्यंतचा फरक कळत नाही असं धरू आणि शंभरात पाचची चूक चालेल म्हणू. एकला ०.०५ ने भागलं की येतात २० ग्रॅम. म्हणजे हा काटा वीस ग्रॅमच्या वर भरवशाचा, खाली नाही. घरातल्या काट्यावर हा आकडा पेनने लिहून ठेवायला हरकत नाही.

एकदा हे मान्य केलं की पुढचा रस्ता आपोआप दिसतो. पाव ग्रॅम तोलायच्या फंदात पडायचंच नाही. वीस ग्रॅमच्या वरचंच काहीतरी तोलायचं आणि त्याचे भाग पाडायचे.

यीस्टचंच उदाहरण घेऊ. पहिलं काम चमच्याचं. मापाच्या संचातला एक टीस्पून घ्या. यीस्टच्या बरणीतून तो शीग लावून भरा, सुरीच्या पाठीने वरून सपाट करा आणि वाटीत ओता. असे दहा चमचे एकाच वाटीत. आता वाटी तोला. समजा ३१ ग्रॅम भरलं. एका चमच्यात ३.१ ग्रॅम यीस्ट आहे हे कळलं, आणि दहा चमचे एकदम तोलल्यामुळे काट्याची अर्ध्या-एक ग्रॅमची चूकही दहा ठिकाणी वाटली गेली. यीस्ट पुन्हा बरणीत ओतायचं. वाया कणभर जात नाही आणि हे काम बरणीमागे एकदाच करावं लागतं. इन्स्टंट यीस्टचा सपाट चमचा बहुतेकदा तीन ग्रॅमच्या आसपासच भरतो, पण कंपनीगणिक दाण्याचा आकार वेगळा असतो, म्हणून आपला आकडा आपण काढलेला बरा.

दुसरं काम पाण्याचं. मोठ्या भांड्यात एक सपाट चमचा यीस्ट घ्या आणि एकूण वजन ३१० ग्रॅम होईपर्यंत कोमट पाणी घाला. आता प्रत्येक १०० ग्रॅम पाण्यात एक ग्रॅम यीस्ट आहे. आपल्याला हवं पाव ग्रॅम, म्हणजे यातलं २५ ग्रॅम पाणी. पंचवीस हा आकडा वीसच्या वर आहे, तेव्हा काट्याला तो झेपतो. हे २५ ग्रॅम पूलिशच्या भांड्यात घातले की बाकी पाणी २५० नव्हे, २२५ ग्रॅमच घ्यायचं, कारण २५ ग्रॅम पाणी आधीच गेलेलं आहे. उन्हाळ्यात यीस्ट निम्मं करायचं असेल तर काय? साडेबारा ग्रॅम तोलायला जाऊ नका, ते पुन्हा वीसच्या खाली येतं. भांड्यातलं पाणीच दुप्पट करा, एकूण ६२० ग्रॅम. मग त्याच २५ ग्रॅममध्ये ०.१२५ ग्रॅम यीस्ट येतं.

चूक किती राहिली? चमचा सपाट करण्यात शंभरात पाच धरा, काट्याची दोन-तीन धरा. सगळं एकाच बाजूला झुकलं तरी शंभरात दहाच्या आत राहतो. चिमटीच्या दुपटीपुढे हे काहीच नाही, आणि पिठालाही एवढा फरक जाणवत नाही.

ही युक्ती फसते ती बहुधा दोन जागी. यीस्ट पाण्यात मिठासारखं विरघळत नाही. ते जिवंत पेशींचे दाणे असतात. ते पाण्यात नुसते तरंगतात आणि भांडं ठेवून दिलं की खाली बसतात. पाच मिनिटं भिजू देऊन नीट ढवळलं आणि ढवळता ढवळताच २५ ग्रॅम काढलं तर हिशेब बरोबर. ढवळून, फोन घेऊन, परत येऊन वरचं पाणी ओतलं तर त्यात यीस्ट जवळजवळ नाहीच, आणि तळाचं ओतलं तर भलतंच जास्त. शंका असेल तर एकदा पडताळून पाहा. भांड्यातलं पहिलं २५ ग्रॅम आणि शेवटचं २५ ग्रॅम दोन सारख्या काचेच्या पेल्यांत घेऊन सारखाच मैदा कालवा आणि चढण्याची पातळी रबर लावून बघा. दोन्ही बरोबरीने चढले तर ढवळणं जमलं.

दुसरी जागा पाण्याच्या तापमानाची. सुक्या यीस्टच्या पेशींचं आवरण वाळताना आकसलेलं असतं. त्यांना थेट गार पाण्यात टाकलं तर ते आवरण नीट सांधायच्या आत पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो आणि यीस्ट दुबळं होतं. पीठ मळताना हा प्रश्न येत नाही, कारण इन्स्टंट यीस्ट पिठातच मिसळलेलं असतं आणि ओल हळूहळू घेतं. आपण मात्र ते नुसत्या पाण्यात भिजवतोय, तेव्हा पाणी बोटाला कोमट लागेल असंच हवं, ३५ ते ४० अंशांचं. उरलेलं यीस्टचं पाणी ठेवून देण्यात अर्थ नाही. खायला काही नसल्यामुळे पेशींची ताकद काही तासांतच उतरू लागते. त्याच दिवशी भटुऱ्याच्या किंवा पिझ्झ्याच्या पिठात ते खपवावं, नाहीतर कुंडीत ओतावं. चमचाभर यीस्टची किंमत ती काय.

केशराला हे शेवटचं वाक्य लावता येत नाही. तिथे एक ग्रॅमच्या डबीसाठी शेकड्याने रुपये मोजलेले असतात आणि कणही फुकट घालवायचा नसतो. पण केशराच्या बाबतीत दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. एक, ती डबी कोणीतरी आपल्यापेक्षा चांगल्या काट्यावर तोलून भरलेली असते, म्हणजे एक ग्रॅम आपल्याला आयताच मिळालेला आहे. दोन, केशराच्या काड्या मोजता येतात.

एका फुलात तीनच काड्या असतात आणि साधारण दीडशे फुलांतून एक ग्रॅम सुकं केशर निघतं. म्हणजे ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास काड्या. पण आपल्या डबीतल्या काड्या लांब आहेत की तुकडे झालेल्या, यावर हे अवलंबून असतं. सगळ्या मोजत बसायची गरज नाही. पंखा बंद करून पांढऱ्या कागदावर डबी उपडी करा, काडीने केशर एका सरळ रांगेत सारख्या जाडीने पसरा आणि कार्डाच्या कडेने रांगेचे दोन, मग चार, मग आठ भाग करा. एका भागातल्या काड्या मोजा. समजा ५८ भरल्या. आठने गुणलं की ४६४, म्हणजे एक काडी सव्वादोन मिलिग्रॅमच्या जराशी खाली. वीस काड्यांची नेहमीची चिमूट ४३ मिलिग्रॅमची झाली. आता एखाद्या कृतीत ०.१ ग्रॅम केशर सांगितलं असेल तर ४६ काड्या मोजून घाला. कोणत्याही घरगुती काट्याला हे जमणार नाही.

काड्यांचा चुरा झालेला असेल किंवा दर आठवड्याला श्रीखंड-बासुंदीसाठी लागणार असेल तर मोजण्यापेक्षा साखरेत मुरवणं सोयीचं. घरोघरी केशर किंचित गरम करून साखरेबरोबर खलात घोटतातच. त्यालाच थोडी शिस्त लावायची. तापून उतरवलेल्या तव्यावर वाटीत ठेवून केशर कुरकुरीत होऊ द्या, मग खलात एक चमचा दाणेदार साखर घालून घोटा. साखरेचे दाणेच केशराला वाटतात. नंतर एकदम सगळी साखर ओतायची नाही. खलात जेवढं आहे तेवढीच साखर घालून पुन्हा घोटायचं, मग पुन्हा तेवढीच, असं दुपटीने वाढवत एकूण पन्नासेक ग्रॅमपर्यंत जायचं. चिमूटभर पदार्थ मूठभर साखरेत एकदम मिसळला की तो ठिकठिकाणी गोळा होऊन बसतो. सारख्याला सारखं मिसळत गेलं तर पसरतो. औषधाची पूड साखरेत मिसळणाऱ्यांची हीच पद्धत आहे. झालं की नाही हे बघायला खलाच्या दोन-तीन जागांवरची चिमूट पांढऱ्या कागदावर बोटाने घासा. रेघांचा पिवळेपणा सारखा दिसला पाहिजे.

आता ही साखर सपाट चमच्यांनी बरणीत भरताना चमचे मोजा. सोळा निघाले तर एका चमच्यात एक ग्रॅमचा सोळावा हिस्सा, ६० मिलिग्रॅमच्या जरा वर केशर आहे. इथे काट्याचा संबंधच उरला नाही, भागाकार चमच्यानेच केला. बरणी घट्ट झाकणाची आणि अंधारात ठेवायची, कारण उजेडाने केशराचा रंग उतरतो आणि दमट हवेने साखरेचे खडे होतात.

सोनारांनी या कामासाठी गुंजा वापरल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम येते. पाव ग्रॅमला दोन गुंजा, किती सुरेख जुळतं! पण बियांचं वजन सारखं नसतं, आणि मुख्य म्हणजे गुंज जहाल विषारी असते. तिचं कवच फुटलेलं असेल तर ती खाण्याच्या पदार्थाजवळ आणूच नये. स्वयंपाकघरासाठी त्याहून चांगलं वजन घरात असतंच: छपाईचा कोरा कागद.

ए-फोर आकाराचे वीस कागद घरच्या काट्यावर ठेवा. गठ्ठ्यावर ७५ जीएसएम लिहिलं असेल तर ९४ ग्रॅमच्या आसपास भरतील, ८० जीएसएमचे शंभर भरतील. ९४ धरलं तर एक कागद ४.७ ग्रॅमचा. कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असते. पाव ग्रॅमसाठी लांबीतून किती पट्टी कापायची? २९७ ला ४.७ ने भागून पाव पट केलं की सोळा मिलिमीटरला थोडी कमी. पूर्ण रुंदीची तेवढी पट्टी कापा, झालं पाव ग्रॅमचं वजन. एका ग्रॅमचाही फरक न कळणाऱ्या काट्याने शंभरात एक-दोनच्या चुकीचं पाव ग्रॅम आपल्याला करून दिलं. पावसाळ्यात कागद ओल धरून जड होतो, त्यामुळे तोलणं आणि कापणं एकाच दिवशी करावं.

ही पट्टी वापरायला तराजू हवा, तो खराट्याच्या हिराचा होतो. वीतभर सरळ हीर मध्यावर दोऱ्याने टांगायचा आणि दोन्ही टोकांना कागदाच्या हलक्या पुड्या दोऱ्याने लोंबत्या बांधायच्या. दोन बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. डाव्या पुडीत कागदाची पट्टी ठेवा आणि उजवीत रवा टाकत हीर आडवा आणा. मग उजवीकडे हात न लावता पट्टी काढून घ्या आणि त्याच डाव्या पुडीत हीर पुन्हा आडवा होईपर्यंत यीस्ट टाका. पट्टी आणि यीस्ट एकाच जागी तोललं गेल्याने बाजूंचा उणेअधिकपणा आपोआप कटतो. फ्रान्समधल्या बोर्दा या शास्त्रज्ञाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. पंखा बंद, खिडकी बंद, आणि तोंड जरा लांब, कारण श्वासानेही हीर हलतो.

हे सगळं करण्यापेक्षा शतांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्यावा का? आठवड्याला पाव करत असाल तर जरूर घ्या, तो फार महाग नसतो. पण त्याच्या पडद्यावर दोन दशांश स्थळं दिसतात म्हणून ती खरी असतात असं नाही. शून्याजवळची छोटी वाढ गिळण्याची खोड त्यालाही असते, आणि वीस पटींचा हिशेब त्यालाही लागू आहे: ०.०१ चा काटा ०.२ ग्रॅमच्या वरच भरवशाचा. म्हणजे पाव ग्रॅम त्याला जेमतेम झेपतं, उन्हाळ्यातलं ०.१२५ नाही, त्यासाठी पाण्याचीच वाट धरावी लागते. नवा काटा आणला की त्याच्यावर पाच रुपयांचं पितळी रंगाचं नाणं ठेवा. आकडा स्थिरावला की नाण्यावर कागदाची पट्टी ठेवा. फरक ०.२४ ते ०.२६ च्या मध्ये दिसला तर काटा ठीक आहे. पट्टी उचलून पुन्हा ठेवा आणि असं चार-पाच वेळा करा. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तर तो काटा दुकानात परत करावा.